पगाराच्या स्लिपमधून तीन हजार साठ रुपये कुठे गेले?

आज आपण पगाराच्या स्लिपबद्दल बोलणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मुली, सुना आणि काही ताई स्वतःसुद्धा एमआयडीसीत पॅकिंगला, शिवणकामाला किंवा साफसफाईला जातात. महिना भरला की ठेकेदार छोटीशी छापील स्लिप देतो, नाहीतर मोबाईलवर पाठवतो. स्लिपवर सगळं इंग्रजीत असतं. म्हणून बहुतेक घरांत फक्त शेवटचा आकडा पाहिला जातो आणि स्लिप डब्यात जाते.

हल्ली गटातल्या ताई आम्हाला स्लिपचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, एवढे पैसे का कापले?" अशाच एका फोटोचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. ज्या मुलीची ती स्लिप होती, तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि कंपनी सांगणार नाही. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. जवळ कागद-पेन असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, आम्ही सावकाश सांगतो.

मुलगी खाऊचे पुडे भरणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत एप्रिलपासून लागली. लागताना तिला सांगितलं होतं, पूर्ण महिना भरलास तर तेरा हजार सहाशे पन्नास रुपये. जूनचा पगार बँकेत आला तो दहा हजार पाचशे नव्वद. म्हणजे तीन हजार साठ रुपये कमी. वडिलांना वाटलं, मुलगी पैसे मागे ठेवते. आईला वाटलं, ठेकेदार खातो. घरात दोन दिवस अबोला होता. मुलीजवळ सांगायला काही नव्हतं, कारण स्लिप तिलाही वाचता येत नव्हती. शेवटी आईने स्लिपचा फोटो काढून आम्हाला पाठवला.

आता ती स्लिप वरून खाली वाचू या. स्लिप कोणत्याही कंपनीची असो, तिचे साधारण तीन भाग असतात. सगळ्यात वर माणसाची माहिती आणि महिन्याचे दिवस. मध्ये डावीकडे मिळालेले पैसे आणि उजवीकडे कापलेले पैसे. खाली हाती आलेली रक्कम, तिला नेट पे म्हणतात.

पहिल्यांदा दिवस बघा. पुष्कळ जणी थेट कपातीकडे जातात, पण सगळा हिशेब दिवसांवर उभा असतो. त्या जूनमध्ये चार रविवार होते, म्हणजे कामाचे दिवस सव्वीस. स्लिपवर 'पेड डेज', म्हणजे पगार दिलेले दिवस, चोवीस होते.

मग डावी बाजू. तिथे तीन ओळी होत्या. पहिली बेसिक, म्हणजे मूळ पगार, नऊ हजार सहाशे. दुसरी डी.ए., म्हणजे महागाई भत्ता, दोन हजार चारशे. काही स्लिपवर यालाच स्पेशल अलाउन्स लिहितात. तिसरी एच.आर.ए., म्हणजे घरभाडे भत्ता, सहाशे. तिन्हींची बेरीज बारा हजार सहाशे. हिला ग्रॉस म्हणतात, म्हणजे कपातीच्या आधीचा पगार.

आता एक भागाकार. मुलीचा पूर्ण महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजार ठरला होता. त्याला सव्वीसने भागलं की दिवसाचे पाचशे. घरभाडे भत्ता साडेसहाशे, त्याचे दिवसाला पंचवीस. म्हणजे एका दिवसाची किंमत पाचशे पंचवीस रुपये. चोवीस दिवसांचे बारा हजार सहाशे होतात. हिशेब स्लिपशी जुळला. म्हणजे ठरलेल्या दरात फरक नव्हता. दोन दिवस कमी धरले, म्हणून एक हजार पन्नास रुपये कमी झाले. तीन हजार साठपैकी एवढ्याचा पत्ता लागला. राहिले दोन हजार दहा. ते उजव्या बाजूला आहेत.

उजव्या बाजूला पाच ओळी होत्या. पी.एफ. एक हजार चारशे चाळीस. ई.एस.आय. पंच्याण्णव. पी.टी. दोनशे. एल.डब्ल्यू.एफ. पंचवीस. कॅन्टीन अडीचशे. एकेक ओळ घेऊ.

पी.एफ. म्हणजे भविष्य निर्वाह निधी. कापला असला तरी हा पैसा मुलीचाच आहे, तो तिच्या नावावर साठतो. तो मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर शंभराला बारा रुपये कापतात. घरभाडे भत्ता त्यात धरत नाहीत. बारा हजारांवर शंभराला बारा म्हणजे एक हजार चारशे चाळीस. बरोबर आहे. काही ठेकेदार महागाई भत्ता सोडून फक्त बेसिकवर पी.एफ. कापतात. तेव्हा हाती थोडे जास्त येतात आणि मुलीला बरं वाटतं, पण साठणारा पैसा कमी होतो आणि मालकाचा हिस्साही कमी होतो. म्हणून ही बेरीज तपासायची.

मालकाचा हिस्सा म्हणजे काय? मुलीचे जेवढे कापले, तेवढेच म्हणजे शंभराला बारा, मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. तो हिस्सा तुमच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. स्लिपच्या कपातीत पी.एफ. दोनदा दिसला, एकदा 'एम्प्लॉयी' आणि एकदा 'एम्प्लॉयर' असा, तर थांबा आणि विचारा. काही कंपन्या मालकाचा हिस्सा नुसता माहितीसाठी छापतात. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रॉसमधून सगळ्या कपाती वजा करून बघा. मालकाचा हिस्सा वजा न करताच नेट पे जुळलं, तर तो कापलेला नाही. वजा केल्यावर जुळलं, तर तो तुमच्याच पगारातून गेला आहे.

ई.एस.आय. म्हणजे कामगार राज्य विमा. महिन्याचा पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर हा लागू होतो. हा ग्रॉसवर, म्हणजे घरभाडे भत्ता धरून कापतात. दर हजाराला साडेसात रुपये. बारा हजार सहाशेवर चौऱ्याण्णव रुपये पन्नास पैसे होतात. यात पैसे आले की पुढचा पूर्ण रुपया धरतात, म्हणून पंच्याण्णव. हेही बरोबर. मालक हजाराला साडेबत्तीस रुपये भरतो. या पंच्याण्णव रुपयांत मुलीला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना विमा दवाखान्यात उपचार मिळतात. आजारपणाची भरपगारी रजा नसली तरी पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. बाळंतपणात सव्वीस आठवड्यांचा पगार मिळतो. पण यासाठी किती दिवसांचा विमा भरला गेला, हे मोजतात. आजारपणाच्या पैशासाठी सहा महिन्यांच्या टप्प्यात अठ्ठ्याहत्तर दिवस लागतात. बाळंतपणासाठी आधीच्या दोन टप्प्यांत मिळून सत्तर दिवस लागतात. म्हणून स्लिपवरचा एक दिवस गेला तर पाचशे पंचवीस रुपये जातातच, शिवाय या मोजणीतलाही एक दिवस जातो.

एल.डब्ल्यू.एफ. म्हणजे कामगार कल्याण निधी. आपल्या महाराष्ट्रात हा वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापतात. सध्या कामगाराचे पंचवीस रुपये आणि मालकाचे पंच्याहत्तर. स्लिप जूनची होती, म्हणून बरोबर. हीच ओळ मार्चच्या किंवा ऑगस्टच्या स्लिपमध्ये दिसली, तर विचारायला हवं.

आता पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. हा राज्य सरकारचा कर आहे. पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर असेल तर दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार कापतात. पण बाईसाठी नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात ज्या स्त्रीचा महिन्याचा पगार पंचवीस हजारांपर्यंत आहे, तिला व्यवसाय कर नाही. एक रुपयासुद्धा नाही. पूर्वी ही सूट दहा हजारांपर्यंतच होती. या मुलीचा पगार बारा हजार सहाशे, तरी दोनशे कापले. ही कपात चूक आहे.

अशी चूक होते कशी? दोनच कारणं असतात. एक तर पगार काढायच्या संगणकात जुनाच नियम राहिलेला असतो. नाहीतर कामावर घेताना नोंदीत स्त्री-पुरुष हा रकाना चुकीचा भरलेला असतो आणि संगणक तिला पुरुष समजून कर कापतो. कारण कोणतंही असलं तरी ही चूक एका महिन्याची नसते, ती दर महिन्याला होते. आम्ही एप्रिल आणि मेच्या स्लिप मागवल्या. दोन्हींत दोनशे-दोनशे होते. म्हणजे तीन महिन्यांचे सहाशे रुपये. जिथे एका मुलीचे कापले, तिथे तिच्याबरोबर त्याच ठेकेदाराकडे लागलेल्या इतर मुलींच्या स्लिपही बघाव्यात.

शेवटची ओळ कॅन्टीन, अडीचशे. ही आईला सगळ्यात जास्त खटकली होती. पण मुलीने सांगितलं, दुपारच्या जेवणाचे दिवसाला दहा रुपये ठरले आहेत आणि तिने तशी सही दिली आहे. मग ही कपात ठीक. पण दिवसाला दहा म्हणजे अडीचशे रुपये हे पंचवीस दिवसांचे झाले. पगार मात्र चोवीस दिवसांचा. एकाच कागदावर जेवायला पंचवीस दिवस आणि कामाला चोवीस दिवस, हे कसं?

मुलीजवळ छोटी वही होती. आईने तिला पहिल्या दिवसापासून लावलेली ती सवय. रोज आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ. वहीप्रमाणे जूनमध्ये ती एकच दिवस गैरहजर होती, भावाला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा. म्हणजे हजर पंचवीस दिवस. एक दिवस खरोखर गेला होता आणि एक दिवस चुकून गेला होता.

आता बरोबर हिशेब मांडू. पंचवीस दिवसांचे दिवसाला पाचशे म्हणजे साडेबारा हजार, आणि घरभाडे सहाशे पंचवीस. ग्रॉस तेरा हजार एकशे पंचवीस. पी.एफ. दीड हजार. ई.एस.आय. नव्व्याण्णव. व्यवसाय कर शून्य. कल्याण निधी पंचवीस. जेवण अडीचशे. सगळी कपात मिळून एक हजार आठशे चौऱ्याहत्तर. हाती यायला हवे होते अकरा हजार दोनशे एक्कावन्न. आले दहा हजार पाचशे नव्वद. म्हणजे जूनमध्ये चुकून गेले सहाशे एकसष्ट रुपये.

मैत्रिणींनो, इथे लक्ष द्या. घरात भांडण तीन हजार साठ रुपयांचं होतं. त्यातले सुमारे चोवीसशे रुपये रीतसर गेले होते, आणि त्यातलेही दीड हजार तर मुलीच्याच पी.एफ. खात्यात जायचे होते. मुलीने पैसे लपवले नव्हते. ठेकेदाराने सगळे खाल्लेही नव्हते. पण सहाशे एकसष्ट रुपयांबद्दल विचारायचा तिचा हक्क होता. आकडा नेमका माहीत असला की भांडावं लागत नाही, विचारता येतं.

विचारायचं कसं? तोंडी विचारलं की "बघतो" म्हणतात आणि महिना जातो. म्हणून साधा अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक द्यायची आणि दुसरीवर पोहोचल्याची सही व तारीख घ्यायची. मुलीने लिहिलेला अर्ज असा होता : "माझ्या जूनच्या पगारात पगारी दिवस चोवीस दाखवले आहेत. मी पंचवीस दिवस हजर होते. जेवणाची कपातही पंचवीस दिवसांची आहे. तरी हजेरी तपासून राहिलेला एक दिवस धरावा. तसेच माझा पगार पंचवीस हजारांच्या आत असून मी स्त्री असल्याने मला व्यवसाय कर लागू नाही. एप्रिल ते जून कापलेले सहाशे रुपये परत द्यावेत व पुढे कापू नयेत." बस, एवढंच. त्यात ना राग, ना आरोप.

हजेरी तपासली तेव्हा कळलं की एका संध्याकाळी सुटताना मशीनवर तिचा अंगठा उमटलाच नव्हता. आत गेल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नव्हती. संगणकाने तो दिवस गैरहजर धरला. जुलैच्या स्लिपमध्ये तो दिवस 'एरियर्स', म्हणजे मागची बाकी, म्हणून आला. त्यातून पी.एफ. आणि ई.एस.आय. कापून हाती चारशे एकसष्ट आले. व्यवसाय कराचे सहाशेही त्याच स्लिपमध्ये परत आले. सगळीकडे इतक्या लवकर होत नाही. ठेकेदार दाद देत नसेल तर तोच अर्ज कंपनीच्या कार्यालयात द्यायचा, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. तिथेही झालं नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं, तिथे तक्रार घेतात. सोबत स्लिप, वही आणि सहीची प्रत न्यायची.

आता स्लिपच्या फोटोवरून जे कळत नाही, ते सांगतो. स्लिपवर पी.एफ. कापला असं लिहिलं असलं, तरी तो भरला का, हे स्लिप सांगत नाही. ठेकेदाराने जूनची रक्कम १५ जुलैपर्यंत भरायची असते. भरली का, हे बघायची सोपी रीत अशी. पी.एफ.ला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग वाजून फोन आपोआप बंद होतो, पैसे पडत नाहीत. थोड्या वेळाने मेसेज येतो, त्यात शेवटचा भरणा आणि शिल्लक असते. यासाठी तुमचा बारा आकडी यू.ए.एन. चालू केलेला असावा लागतो आणि त्याला आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं असावं लागतं. उमंग ॲपवर पासबुकही दिसतं.

पासबुक बघताना एक गैरसमज नेहमी होतो. त्यात तीन रकाने असतात. या मुलीच्या जूनच्या ओळीत तिचे एक हजार चारशे चाळीस होते, मालकाचे फक्त चारशे चाळीस. आई म्हणाली, "मालकाने हजार बुडवले." बुडवले नव्हते. ते एक हजार तिसऱ्या रकान्यात होते, पेन्शनच्या. मालकाच्या बारा रुपयांतले साधारण आठ रुपये तेहतीस पैसे पेन्शनला जातात आणि उरलेले पी.एफ.ला. दोन्ही मिळवले की मुलीच्या कपातीएवढे होतात. ती बेरीज जुळली की ठीक. एखाद्या महिन्याची ओळच नसेल, तर मात्र कापले आणि भरले नाहीत, असा अर्थ होतो. मग लगेच लेखी विचारा. महिने साठू देऊ नका, कारण ठेकेदार बदलला की त्याला शोधणं अवघड जातं.

आता शेवटचा आणि तितकाच महत्त्वाचा भाग, फोटो पाठवण्याचा. त्या आईने आम्हाला पहिला फोटो पाठवला तो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. स्लिप चटईवर होती. शेजारी मुलीचं आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक उघडं होतं. स्लिपवर नाव, कंपनी, यू.ए.एन., विमा नंबर आणि बँक खातं, सगळं वाचता येत होतं. आम्ही ताईंना लगेच फोन करून तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावला आणि दुसरा काढून घेतला.

यात एवढं घाबरण्यासारखं काय? नुसत्या खाते नंबरवरून कोणी पैसे काढू शकत नाही, हे खरं. पण विचार करा. मुलीला फोन येतो. समोरचा तिचं नाव, तिची कंपनी, जूनचा पगार आणि यू.ए.एन. बरोबर सांगतो आणि म्हणतो, "मी पी.एफ. ऑफिसमधून बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार आहे, आलेला ओटीपी सांगा." एवढं सगळं बरोबर सांगणाऱ्यावर कुणाचाही विश्वास बसेल. फसवणारा माणूस हा विश्वास आपल्याच फोटोतून उचलतो. पी.एफ. ऑफिस किंवा बँक फोनवर ओटीपी मागत नाही. चुकून दिला आणि पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

म्हणून फोटो काढायची आमची रीत ऐका. फोटोत स्लिप एकटी हवी. खाली कोरा कागद ठेवा. शेजारी कार्ड, पासबुक, औषधाची चिठ्ठी काही नको. खिडकीजवळ उजेडात ठेवा, फ्लॅश लावू नका, त्याने आकड्यांवर चकाकी येते. मोबाईल स्लिपच्या बरोबर वर, आडवा धरा. तिरका फोटो आला की डावीकडची ओळ उजवीकडच्या दुसऱ्याच आकड्यापुढे दिसते आणि हिशेब चुकतो. मग फोटो मोठा करून बघा. तीन आणि आठ वेगळे दिसतात ना, ते तपासा.

फोटो काढायच्या आधीच झाकायचं ते झाका. कागदाच्या पट्ट्या कापून त्या नाव, कर्मचारी नंबर, यू.ए.एन., विमा नंबर, बँक खातं, पॅन आणि आधार यांच्यावर ठेवा. कंपनीचं नावही झाका. मोबाईलमधल्या रंगाच्या पेनने खोडण्यापेक्षा हे बरं. कारण ते पेन पुष्कळदा पारदर्शक असतं आणि फोटो उजळला की खालचे आकडे परत दिसतात. पट्टीखालचं मात्र कुणालाच दिसत नाही. हिशेबाला लागतं ते उघडं ठेवा. महिना, पगारी दिवस, डावीकडचे आणि उजवीकडचे सगळे आकडे आणि नेट पे. सोबत तोंडी एवढंच सांगा, स्लिप बाईची आहे की पुरुषाची. व्यवसाय करासाठी ते लागतं.

आणि फोटो एकाच व्यक्तीला पाठवा, ग्रुपवर नको. ग्रुपमधून डिलीट केला तरी ज्यांच्या मोबाईलमध्ये फोटो आपोआप उतरतात, त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो. काम झालं की समोरच्या व्यक्तीलाही पुसून टाकायला सांगा. आम्हीसुद्धा गटातले असे फोटो हिशेब झाल्यावर ठेवत नाही. अस्सल स्लिप मात्र घरी जपून ठेवा, महिन्याच्या क्रमाने, एका पिशवीत. तक्रार करायची वेळ आली तर तीच लागते.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरात पगाराची स्लिप येते, त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिप आणि हजेरीची वही आणावी. वही नसेल तर आजच घाला, दोन रकान्यांची, गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ. सुरुवात पी.टी.च्या ओळीपासून करू. ती एकच ओळ बघायला अर्धा मिनिट लागतो. बाईचा पगार पंचवीस हजारांच्या आत असेल तर तिथे शून्य हवं.